खोडलेला उंचवटा

फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये मी एक पाप केलं होतं. रीडिंग ‘शिजवलं’ होतं. हसू नका, तुमच्यापैकी कितीजणांचे जर्नल शुद्ध शाकाहारी आहेत ते मला माहीत आहे! पण माझ्या पापाची गंमत अशी, की मी जे रीडिंग खोडरबराने पुसलं तेवढंच खरं होतं, आणि जे सुंदर वळणदार ग्राफ म्हणून काढलं ते खोटं. त्या एका खोडलेल्या उंचवट्यामुळे मला चुंबकत्व थोडंफार कळलं. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रयोगाचं नाव होतं ‘फेराइटचे क्युरी तापमान काढणे’. साहित्य साधंच. बांगडीच्या आकाराचा एक छोटा फेराइट कोअर, त्यावर तांब्याच्या इनॅमल वायरचे पन्नास वेढे प्रायमरीला, पन्नास सेकंडरीला. प्रायमरीच्या सिरीजमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे कोअरचं काहीही झालं तरी करंट जवळजवळ तेवढाच राहतो. सिग्नल जनरेटरवर १० किलोहर्ट्झ लावायचे आणि सेकंडरीचा व्होल्टेज सीआरओवर बघायचा. करंट ठरलेला असल्यामुळे हा व्होल्टेज कोअरच्या पर्मिॲबिलिटीच्या प्रमाणात असतो, म्हणजे कोअर चुंबकीय क्षेत्राला किती जोरात प्रतिसाद देतो ते तो सांगतो. कोअर एका छोट्या विजेच्या भट्टीत ठेवायचा, थर्मोकपलने तापमान बघायचं, दर पाच अंशांना रीडिंग घ्यायचं.

माझ्या डोक्यात पुस्तकातला ग्राफ पक्का बसला होता. तापमान वाढलं की चुंबकत्व कमी कमी होत जातं आणि क्युरी तापमानाला शून्य होतं. प्रत्यक्षात काय झालं? खोलीच्या तापमानाला २२० मिलिव्होल्ट होते. ते कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागले. २५०, ३००, ३४०, मग जवळजवळ ४००! आणि नंतर दहा-बारा अंशांत धाडकन खाली, दोन-तीन मिलिव्होल्टवर. पार्टनर म्हणाला, “कनेक्शन लूज असणार रे.” मला पटलं. आम्ही मधला सगळा उंचवटा काढून टाकला आणि २२० पासून हळूहळू उतरणारी एक देखणी रेषा काढली.

ओरलच्या दिवशी सरांनी जर्नल उघडलं, ग्राफवर बोट ठेवलं आणि विचारलं, “उंचवटा कुठे गेला?”

माझी बोबडी वळली. सर रागावले नाहीत. म्हणाले, “आधी मला सांग, चुंबकाला लोखंडच का चिकटतं, तांबं का नाही? तिथून सुरुवात कर. उत्तर सापडलं की प्रयोग परत कर, मग सही देतो.” तेव्हा जे शोधलं ते आता तुम्हाला सांगतो.

तीन नमुने डोळ्यांसमोर ठेवा. तांब्याची तार, मोरचूद आणि लोखंडी खिळा. मोरचूद म्हणजे आपलं कॉपर सल्फेट, केमिस्ट्रीच्या लॅबमधले निळे खडे. साध्या चुंबकाला यातला फक्त खिळा चिकटतो. पण चुंबक जबरदस्त असेल आणि वजनकाटा नाजूक असेल तर दिसतं की मोरचूद किंचित ओढलं जातं, आणि तांबं किंचित दूर ढकललं जातं! तिघांचे तीन स्वभाव. तांबं डायमॅग्नेटिक, म्हणजे प्रतिचुंबकीय. मोरचूद पॅरामॅग्नेटिक, म्हणजे समचुंबकीय. खिळा फेरोमॅग्नेटिक, म्हणजे लोहचुंबकीय. हे तिन्ही स्वभाव तापमानानुसार कसे बदलतात ते पिएर क्युरी यांनी १८९५ च्या आपल्या प्रबंधात नीट मोजून दाखवलं. ‘क्युरी तापमान’ हे नाव त्यांचंच. मेरी क्युरींचं नाव इतकं मोठं आहे की आपल्याला वाटतं हेही त्यांचंच असेल.

पहिला स्वभाव तांब्याचा. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की प्रत्येक अणूतल्या इलेक्ट्रॉन्सच्या हालचालीत थोडा फरक पडतो, आणि तो त्या क्षेत्राला विरोध करणारा असतो. लेन्झचा नियम आठवा, तसंच काहीसं. हा विरोध प्रत्येक पदार्थात असतो, लोखंडातसुद्धा. पण तो इतका दुबळा असतो, की दुसरं काही चुंबकीय नसेल तेव्हाच नजरेत येतो. तांब्यात किंवा पाण्यात लावलेल्या क्षेत्राच्या एक लाखांश एवढाच उलटा प्रतिसाद मिळतो. तरी तो खरा आहे. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे सुमारे १६ टेस्लाच्या चुंबकात एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता, तो त्याच्या अंगातल्या पाण्याच्या डायमॅग्नेटिझमवर. आणि या स्वभावाला तापमानाचं फारसं सोयरसुतक नसतं.

दुसरा मोरचुदाचा. तांब्याच्या धातूत ज्याचा चुंबक व्हावा असा एकटा इलेक्ट्रॉन अणूजवळ शिल्लक नसतो. पण मोरचुदात तांब्याचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात आणि मागे एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरतो. असा प्रत्येक आयन म्हणजे एक इवलासा चुंबक. क्षेत्र नसताना हे चुंबक वाट्टेल त्या दिशेला असतात. क्षेत्र लावलं की ते त्याच्या दिशेला वळू पाहतात, पण उष्णता त्यांना सतत ढोसत असते. कोण जिंकतं? हिशोब करून बघू. १ टेस्ला क्षेत्रात अशा एका चुंबकाची ऊर्जा साधारण ९.३ × १०⁻²⁴ ज्यूल. ३०० केल्विनला उष्णतेची ऊर्जा kT म्हणजे ४.१ × १०⁻²¹ ज्यूल. दुसरी पहिलीच्या सुमारे साडेचारशे पट मोठी. म्हणजे हजार आयनांपैकी ५०१ क्षेत्राच्या बाजूने आणि ४९९ विरुद्ध! एवढ्याशा मताधिक्यावर मोरचुदाचं सगळं चुंबकत्व चालतं. तापमान निम्मं केलं, अर्थात केल्विनमध्ये, तर मताधिक्य दुप्पट होतं. हाच क्युरीचा नियम, χ = C/T. क्षेत्र काढलं की सगळे परत विखुरतात.

आता खिळा. आणि इथेच सरांच्या प्रश्नातली खरी मेख आहे.

लोखंडाचा एक अणू मोरचुदातल्या आयनाच्या साधारण दुप्पट ताकदीचा चुंबक आहे. फक्त दुप्पट. मग प्रतिसाद हजारो पटींनी मोठा कसा? आपण पटकन म्हणतो, की अणू-चुंबक एकमेकांना चुंबकीय बलाने धरून ठेवत असतील, जसे दोन चुंबक टोकाला टोक लावून चिकटतात. मीही ओरलला हेच उत्तर दिलं. सर म्हणाले, “आकडे घाल.” घातले. लोखंडात शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर साधारण २.५ अँग्स्ट्रॉम. एवढ्या अंतरावर टोकाला टोक लावलेल्या अशा दोन चुंबकांची परस्पर ऊर्जा येते सुमारे ५ × १०⁻²⁴ ज्यूल. तिला k ने भागलं, की ही जोडी कोणत्या तापमानाला सुटेल ते कळतं. उत्तर आलं ०.४ केल्विन! सगळे शेजारी धरून कितीही ताणलं तरी एक-दोन केल्विन. आणि लोखंड प्रत्यक्षात १०४३ केल्विनपर्यंत, म्हणजे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत फेरोमॅग्नेटिक राहतं. चूक दुपटी-तिपटीची नाही, हजारपटीची आहे. थोडक्यात, अणू-चुंबकांना एका दिशेला उभं करणारं बल चुंबकीय नाहीच.

१९०७ मध्ये पिएर वाइस यांनी ही अडचण अशी मांडली, की लोखंडाच्या आत प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांकडून एक प्रचंड ‘आंतरिक क्षेत्र’ काम करतं असं समजा. १०४३ केल्विनच्या उष्णतेला तोंड द्यायचं तर हे क्षेत्र हजार टेस्लाच्या घरातलं हवं. दवाखान्यातल्या एमआरआयचा चुंबक साधारण दीड ते तीन टेस्लाचा असतो, त्यावरून कल्पना करा. वाइस यांचं गणित जुळलं, पण हे क्षेत्र येतं कुठून ते कुणालाच सांगता येईना. वीस वर्षांनी, १९२८ मध्ये हायझेनबर्ग यांनी उत्तर दिलं. ते बल विद्युत आहे.

ते कसं, हे मी असं समजून घेतलं. परीक्षेत एकाच पेपरची मुलं शेजारी बसवत नाहीत, लांब लांब बसवतात. पाउलीच्या नियमाचं तसंच आहे. एकाच दिशेच्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत, ते आपोआप एकमेकांपासून दूर राहतात. विरुद्ध स्पिनच्या इलेक्ट्रॉन्सवर हे बंधन नाही, ते जवळ येतात. आता दोन्ही इलेक्ट्रॉन ऋणभारित आहेत. जे दूर राहिले त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण कमी, म्हणजे ऊर्जा कमी. म्हणजेच स्पिन एका दिशेला ठेवणं स्वस्त पडतं! यालाच एक्स्चेंज इंटरॅक्शन म्हणतात. वरवर पाहता स्पिन स्पिनला ओढतोय असं दिसतं, पण ऊर्जेतला फरक असतो कूलोमच्या बलाचा. आणि अणूंच्या अंतरावर कूलोमचं बल चुंबकीय बलापेक्षा कितीतरी मोठं असतं, म्हणून हजारपटीचा फरक.

मग सगळेच पदार्थ फेरोमॅग्नेटिक का नाहीत? कारण स्वस्ताईला दुसरी बाजू आहे. सगळे इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे झाले, तर एका पातळीवर दोघांना राहता येत नाही, काहींना वरच्या पातळीवर जावं लागतं, आणि त्याला जास्त ऊर्जा लागते. बहुतेक धातूंमध्ये हा खर्च बचतीपेक्षा मोठा ठरतो. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या तिघांत बचत जिंकते. क्रोमियमसारख्या धातूत शेजारच्या स्पिनने उलटं तोंड करणंच फायद्याचं ठरतं. लोखंडातले हे इलेक्ट्रॉन धातूभर फिरतही असतात, त्यामुळे हायझेनबर्ग यांचं अणूला अणू जोडलेलं चित्र तिथे पूर्ण लागू पडत नाही. पण बल विद्युत आहे ही गोष्ट पक्की.

आता क्युरी तापमान सोपं आहे. एका बाजूला एक्स्चेंज, दुसऱ्या बाजूला उष्णता, अशी रस्सीखेच. पण ही रस्सीखेच सरळ चालत नाही. प्रत्येक अणूला धरून ठेवणारं आंतरिक क्षेत्र शेजाऱ्यांनीच तयार केलेलं असतं. शेजारी डळमळले की क्षेत्र कमी होतं, क्षेत्र कमी झालं की आणखी शेजारी डळमळतात. म्हणून सुरुवातीला फारसं काही होत नाही. केल्विनमधलं क्युरी तापमान अर्धं गाठलं तरी नव्वद टक्क्यांहून जास्त शिस्त टिकून असते. मग शेवटी शेवटी उतरण लागते आणि क्युरी तापमानाला शिस्त संपते. त्याच्या वर लोखंड वितळलेलं नसतं, वितळायला १५३८ अंश लागतात. अणू जागच्या जागीच असतात, त्यांचे इवले चुंबकही शाबूत असतात. फक्त एकी संपलेली असते. खिळ्याचं मोरचूद झालेलं असतं, म्हणजे तो आता पॅरामॅग्नेटिक!

निकेलचं हे तापमान ३५८ अंश सेल्सिअस, कोबाल्टचं सुमारे ११२० अंश. आणि गॅडोलिनियम नावाच्या धातूचं जेमतेम २० अंश. म्हणजे गॅडोलिनियमचा तुकडा महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे चुंबकाला चिकटेल आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी गळून पडेल.

आमच्या फेराइटमध्ये थोडा फरक होता. तिथे लोखंडाचे आयन एकमेकांना चिकटून नसतात, मध्ये ऑक्सिजन असतो, आणि एक्स्चेंज त्या ऑक्सिजनच्या मार्फत चालतं. त्यात दोन गट एकमेकांकडे पाठ करून उभे असतात, पण एक गट मोठा असल्यामुळे काही चुंबकत्व शिल्लक राहतं. याला फेरीमॅग्नेटिक म्हणतात. क्युरी तापमान त्यालाही असतंच. मँगनीज-झिंक फेराइटमध्ये झिंकचं प्रमाण वाढवलं की ते खाली येतं, कारण झिंकचा आयन चुंबक नाही, तो शेजाऱ्यांमधले दुवे तोडतो.

एवढं कळल्यावर उरला तो उंचवटा. चुंबकत्वाची शिस्त तापमानाबरोबर घटते हे खरं, मग पर्मिॲबिलिटी वाढली कशी? इथे मी दोन वेगळ्या गोष्टी एक समजत होतो. क्युरी तापमानाच्या खाली खिळा किंवा फेराइट आतून आधीच शिस्तीत असतो, फक्त तुकड्यांतुकड्यांत. या तुकड्यांना डोमेन म्हणतात. एका डोमेनमध्ये सगळे एका दिशेला, शेजारच्या डोमेनमध्ये दुसऱ्या दिशेला, म्हणून साधा खिळा बाहेरून चुंबक वाटत नाही. आपण छोटं क्षेत्र लावतो तेव्हा अणूंना शिस्त लावत नसतो, ते काम एक्स्चेंजने आधीच केलेलं असतं. आपण फक्त डोमेनच्या भिंती सरकवतो आणि त्यांची दिशा थोडी वळवतो. पुस्तकातला ग्राफ डोमेनच्या आतल्या शिस्तीचा होता. माझा सीआरओ मोजत होता, की त्या भिंती किती सहज सरकतात.

आणि सरकायला अडथळा कशाचा? स्फटिकात काही दिशा चुंबकत्वाला आवडत्या असतात, तिथून हलायला ऊर्जा लागते. तापमान वाढलं की हा हट्ट शिस्तीपेक्षा लवकर कमी होतो. म्हणून क्युरी तापमानाच्या अलीकडे एक टप्पा असा येतो, की शिस्त बऱ्यापैकी शिल्लक आहे पण हट्ट जवळजवळ संपलाय. तेव्हा छोट्याशा क्षेत्रालाही मोठा प्रतिसाद मिळतो. तोच उंचवटा! जॉन हॉपकिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच तो लोखंडात पाहिला होता, म्हणून त्याला हॉपकिन्सन परिणाम म्हणतात. पार्टनरचं ‘लूज कनेक्शन’ निर्दोष सुटलं.

प्रयोग परत केला तेव्हा दुसरी चूक सापडली. तापवताना कोसळण्याचा मध्य १४८ अंशांना आला, थंड होताना १३२ ला. सोळा अंशांचा फरक! मी लगेच म्हणालो, “हिस्टेरिसिस.” आमच्या लॅबमधले मामा तिथेच उभे होते. ते म्हणाले, “अरे, चहा उकळायला ठेवलायस का? हळू तापव.” मामांचंच बरोबर होतं. थर्मोकपल भट्टीच्या हवेत लोंबत होतं. तापवताना हवा कोअरच्या पुढे पळते, म्हणून आकडा जास्त दिसतो. निवताना हवा आधी गार होते, म्हणून कमी दिसतो. खात्री करायची युक्ती सोपी आहे. वेग कमी करा. फरक घटला, तर तो मोजण्यातला दोष. तसाच राहिला, तर पदार्थाचा गुण. आम्ही थर्मोकपलचं टोक टेफ्लॉन टेपने कोअरलाच बांधलं, कोअर वाळूत पुरला आणि मिनिटाला एक अंश या वेगाने गेलो. तीन तास लागले. फरक दोन अंशांवर आला, आणि क्युरी तापमान आलं १४० च्या आसपास. उंचवटाही जिथल्या तिथे होता.

वरचे दोन-तीन मिलिव्होल्ट मात्र कधी शून्य झाले नाहीत. ते कोअरच्या उरल्यासुरल्या चुंबकत्वाचे म्हणावेत, तर पॅरामॅग्नेटिक कोअरकडून एवढेही मिळणार नाहीत. ते होते दोन वेढ्यांमधल्या कपॅसिटन्सचे आणि वायरिंगच्या पिकअपचे. फ्रीक्वेन्सी बदलली आणि वायर हलवल्या तर ते बदलतात, त्यावरून ओळखता येतं.

पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उंचवटा बघून ‘गरम कोअर चांगला’ असं वाटेल, पण तो फसवा आहे. तिथे भिंती सहज सरकतात, पण डोमेनमधली शिस्तच घटलेली असते, त्यामुळे कोअर थोड्याशा फ्लक्सला सॅच्युरेट होतो. सॅच्युरेट झाला की प्रायमरीचा करंट उसळतो, कोअर आणखी तापतो, आणि मग ट्रान्झिस्टरचा धूर निघतो. म्हणून कोअर निवडताना डेटाशीटमध्ये पर्मिॲबिलिटीचा आलेख बघा, पण शंभर अंशांची सॅच्युरेशनची ओळ आधी वाचा.

सरांनी नवा ग्राफ बघितला, उंचवट्याभोवती लाल पेनने एक गोल काढला आणि शेजारी सही केली. जुनं पान फाडू दिलं नाही. ते अजून माझ्या जर्नलमध्ये आहे. उजेडात धरलं तर खोडरबराखालच्या पेन्सिलच्या खुणा दिसतात, ३००, ३४०, ४००.